रात्रीच्या उसाच्या ट्रॉल्या ओळखायला सिम्युलेटरमधले फोटो : खऱ्या फोटोंत मिसळायचे कसे?

घाटमाथा_स्वप्निल

मंडळी, थोडा तांत्रिक धागा आहे पण विषय आपल्या रस्त्यांचाच आहे. आमची पुण्यात छोटी टीम आहे, बस आणि ट्रकच्या काचेमागे लावायच्या कॅमेऱ्याचं काम करतो, पुढे काही दिसलं की ड्रायव्हरला बीप. गाड्या, बाइक, माणसं सगळं बऱ्यापैकी ओळखतं. अडतं ते गळीत हंगामात, रात्री, दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांपाशी. हे कॅमेऱ्यासमोर इतकं कमी वेळा येतं की शेकडो तासांच्या व्हिडिओतून हाताशी फक्त ४३ फोटो लागलेत.

म्हणून कार्ला सिम्युलेटर घेतला, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांचं मॉडेल बनवलं, उसाने भरलं, रात्रीच्या रस्त्यावर ठेवलं, ६००० फोटो काढले आणि ते ओळखणाऱ्या मॉडेलला शिकवायला दिले. नमुन्याचा एक फोटो सोबत टाकलाय. फोटोत ट्रॉली कुठे आहे ते दाखवणारे बॉक्स आपोआप मिळतात, हाताने काढायला लागत नाहीत. सिम्युलेटरच्याच बाजूला ठेवलेल्या फोटोंवर तपासलं तर जवळपास सगळ्या ट्रॉल्या सापडतात. खऱ्या ४३ पैकी मात्र ९. आणि ट्रॉली नसलेला दोन तासांचा खरा रात्रीचा व्हिडिओ चालवला तर ३७ खोटे बीप. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी वायर उपटून टाकेल.

प्रश्न साधा आहे, खरे आणि बनवलेले फोटो कुठल्या प्रमाणात मिसळायचे? कोणी केलंय का?

मधुरा_के

वाचतेय. गेल्या वर्षी बारामती रोडला आमची गाडी अशाच ट्रॉलीमागे थोडक्यात वाचली. नवऱ्याला ती दिसली तेव्हा आम्ही अगदी तिच्या मागेच होतो.

बापू_शिरोळ

कार्ला म्हंजे लोणावळ्याजवळचं लेण्यांचं का? तिथं कुठला ऊस ओ.

फोटो पायजे असतील तर सांगा की, आमच्या कारखान्याच्या गव्हाणीपुढं रात्री दोन-दोनशे ट्रॉल्या नंबर लावून उभ्या असत्यात. कंप्युटरवर कशाला बनवायच्या?

घाटमाथा_स्वप्निल

बापू, कार्ला हे गाडी चालवायच्या सिम्युलेटरचं नाव आहे, गेमसारखा कंप्युटरमधला रस्ता असतो त्यात. फोटोंचं खरंच मनावर घ्या, पण मला चालत्या गाडीतून, मागून, अंधारात दिसणारी ट्रॉली पाहिजे. यार्डात दिवे असतात.

ओंकार७१

प्रमाण ५०-५० ठेव, सगळीकडे हेच चालतं. आणि खरी अडचण प्रमाण नाहीच, तुझे फोटो गेमसारखे दिसतायत ही आहे. रेंडरिंग जितकं खऱ्यासारखं तितका रिझल्ट चांगला. चांगले टेक्स्चर घे, रे ट्रेसिंग चालू कर, विषय संपला.

निशा_स्टुटगार्ट

ओंकार, अर्धं बरोबर आहे तुमचं. फरक पडतो, पण "जितकं खरं तितकं चांगलं" हे सरळ चालत नाही. २०१८ मध्ये गाड्या ओळखण्यावर एक काम झालं होतं, त्यात मुद्दाम विचित्र रंग-टेक्स्चर, हवेत तरंगणारे ठोकळे, कसाही उजेड असलेले फोटो वापरले, बघणाऱ्याला ते अजिबात खरे वाटले नसते. तरी त्यावर शिकवून नंतर थोड्या खऱ्या फोटोंवर पुढे शिकवलं तर नुसत्या खऱ्या फोटोंपेक्षा चांगलं निघालं. नंतर २०२० मध्ये जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपवर काम आलं. हरीण हा दुर्मिळ वर्ग धरून गेम इंजिनात हरणं बनवली, तर चुका बऱ्याच कमी झाल्या, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो विविधतेचा.

पण स्वप्निल, प्रमाणाचा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. त्याआधी मला दोन गोष्टी सांगा. एक, ते ३७ खोटे बीप कशावर आलेत? प्रत्येकाचा तुकडा कापून एका पानावर शेजारी शेजारी लावा आणि बघा. दोन, तुमच्या बनवलेल्या फोटोंत ट्रॉली किती पिक्सेल रुंद आहे आणि खऱ्यात किती?

घाटमाथा_स्वप्निल

ताई, बसून केलं आत्ता. ३७ पैकी २१ तुकडे चक्क काळे आहेत. काहीच नाही त्यात! डांबराच्या कडेचा अंधार, झाडाखालचा अंधार. बाकी मालट्रकच्या पाठी, दोन कडब्याच्या गाड्या, एक पुलाचा कठडा.

रुंदी : बनवलेल्यात बहुतेक १०० ते २५० पिक्सेल, खऱ्यात बहुतेक २० ते ६०.

निशा_स्टुटगार्ट

मग अर्धं उत्तर तिथेच आहे.

आधी रुंदीचं. कॅमेरा १२८० पिक्सेलचा आणि साधारण ६० अंशांचा धरला तर सव्वादोन-अडीच मीटर रुंद ट्रॉली २० मीटरवर सव्वाशे पिक्सेल दिसते आणि १०० मीटरवर फक्त २५. बस ताशी ८० ने चालली असेल तर सेकंदाला २२ मीटर जाते. ड्रायव्हर भानावर येईपर्यंत दीड सेकंद धरा, मग ब्रेक, म्हणजे ८० मीटरच्या आसपास लागतातच. तुमच्या मॉडेलने १०० मीटरवरची ट्रॉली ओळखली तर उपयोग, २० मीटरवर बीप वाजून काय होणार. तुम्ही सिम्युलेटरमध्ये ट्रॉल्या जवळ ठेवल्यात कारण फोटोत छान दिसतात, हे सगळ्यांकडून होतं. आणि फोटो मॉडेलला देताना ६४० ला लहान करत असाल तर त्या २५ चे १२ च उरतात, तेही बघा.

आता काळे तुकडे. ही सिम्युलेटरची खास चूक आहे, हाताने लेबल करणाऱ्या माणसाकडून ती होत नाही. माणूस फोटो बघून बॉक्स काढतो, त्याला जे दिसत नाही त्याला तो बॉक्स काढणार नाही. सिम्युलेटर फोटो बघतच नाही, त्याला ट्रॉली कुठे ठेवली हे आधीच ठाऊक आहे. साधे दिवे ५०-६० मीटरपुढे फारसा उजेड देत नाहीत, त्यापुढच्या ट्रॉलीवर फोटोत कदाचित एकही पिक्सेल वेगळा नसेल, तरी बॉक्स येतोच. असे शेकडो फोटो दाखवून तुम्ही मॉडेलला शिकवलंत की रस्त्याकडेच्या काळोखाला ट्रॉली म्हण. ते आज्ञाधारकपणे तेच करतंय.

मधुरा_के

हे मला, कोडिंग न येणारीला, अगदी कळलं.

घाटमाथा_स्वप्निल

डोक्यात लख्ख उजेड पडला. मी बॉक्स गाडीच्या थ्रीडी चौकटीवरून काढत होतो, म्हणजे पुढच्या ट्रकमागे पूर्ण लपलेल्या ट्रॉलीलाही बॉक्स आले असणार.

निशा_स्टुटगार्ट

हो, येतातच. `sensor.camera.instance_segmentation` वापरा, त्यात फक्त खरोखर दिसणारे पिक्सेल मिळतात. लपण्याचा प्रश्न तिथे सुटतो पण अंधाराचा सुटत नाही, कारण त्या सेन्सरला दिवस-रात्र नसते. त्यासाठी मी असं करते, ट्रॉलीचे पिक्सेल आणि तिच्या भोवतीची पट्टी यांच्या उजेडात फरक किती ते मोजायचं.

```python
m = (iid == k).astype(np.uint8)
ring = cv2.dilate(m, np.ones((15, 15), np.uint8)) - m
d = abs(gray[m == 1].mean() - gray[ring == 1].mean())
```

`iid` म्हणजे त्या सेन्सरमधून मिळालेला प्रत्येक पिक्सेलचा वस्तू-क्रमांक, `k` म्हणजे ट्रॉलीचा क्रमांक. `gray` हा कॅमेऱ्याचा नॉइज आणि व्हिडिओ कॉम्प्रेशन घातल्यानंतरचा फोटो पाहिजे, सिम्युलेटरमधून आलेला स्वच्छ नको. स्वच्छ फोटोत दोन पातळ्यांचा फरकही मोजता येतो, खऱ्या कॅमेऱ्यात तो नॉइजमध्ये बुडतो. `d` नॉइजच्या आतच असेल तर तो बॉक्स काढून टाका. काठावरचे जे आहेत, दिसतंय की नाही असे, त्यांना "दुर्लक्ष" अशी खूण करा, म्हणजे ट्रेनिंगमध्ये त्या जागेसाठी मॉडेलला शिक्षाही नाही आणि शाबासकीही नाही.

रेवा_अकोला

एक शंका. सरासरी घेतली तर ट्रॉलीला एक छोटा रेडियमचा तुकडा चमकतोय आणि बाकी सगळी काळी आहे, ती निघून जाईल ना? माणसाला तर तो तुकडाच आधी दिसतो.

निशा_स्टुटगार्ट

रेवा, अगदी बरोबर पकडलंत. सरासरीऐवजी सगळ्यात उजळ पाच टक्के पिक्सेल बघायचे आणि पट्टीतल्या तशाच पाच टक्क्यांशी तुलना करायची. आणि सरासरीची कसोटीही ठेवायची, कारण समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात ट्रॉली उलट काळी आकृती म्हणून दिसते. दोन्हींत नापास झाली तरच बॉक्स काढून टाका.

रेवा_अकोला

धन्यवाद. विचारायचं कारण म्हणजे मी असंच एक करून बसलेय. जिनिंगमध्ये कापसात प्लास्टिकच्या सुतळीचे धागे येतात, ते कॅमेऱ्याने पकडायचे होते. सिम्युलेटर वगैरे नाही, मी धाग्यांचे फोटो कापून कापसाच्या फोटोंवर चिकटवले. मॉडेल धागा न शिकता चिकटवल्याची कड शिकलं, खरा धागा आला की गप्प. मग कधी कड पुसट, कधी तीक्ष्ण, कधी आहे तशी, असं मिसळून दिलं, आणि धागा नसलेल्या फोटोंवर कापसाचेच तुकडे कापून चिकटवले. म्हणजे कड दिसली तरी "धागा" म्हणायला आधार उरला नाही. तेव्हा कुठे सुधारलं.

निशा_स्टुटगार्ट

स्वप्निल, धागा नसलेल्या फोटोंचं रेवांनी काय केलं ते पुन्हा वाचा, तुमच्याकडे तीच गोष्ट मोठ्या आकारात आहे. तुमच्या ६००० पैकी ट्रॉली *नसलेले* सिम्युलेटरचे फोटो किती?

घाटमाथा_स्वप्निल

शून्य. रिकाम्या रस्त्याचे खरे फोटो भरपूर होते म्हणून वेगळे बनवलेच नाहीत.

निशा_स्टुटगार्ट

म्हणजे मॉडेलच्या नजरेने बघा : सिम्युलेटरच्या छापाचा प्रत्येक फोटो ट्रॉलीवाला, आणि खऱ्या कॅमेऱ्याचा जवळपास प्रत्येक फोटो बिनट्रॉलीचा. मग ट्रॉली कशी दिसते हे शिकायची गरजच काय? डांबर गुळगुळीत दिसलं की हो म्हणायचं, खऱ्या कॅमेऱ्याचा नॉइज दिसला की नाही म्हणायचं. खऱ्या ४३ पैकी ९ च सापडण्याचं एक कारण हे असू शकतं. पारख सोपी आहे, सिम्युलेटरमध्ये ट्रॉली न ठेवता २०० फोटो काढा आणि आत्ताचं मॉडेल चालवा.

घाटमाथा_स्वप्निल

चालवलं. २०० पैकी ११८ फोटोंत रिकाम्या रस्त्यावर ट्रॉली दाखवतंय.

ओंकार७१

मी मागे घेतो, हे रे ट्रेसिंगने सुटलं नसतं. तरी एक विचारतो, फोटो अगदी खऱ्यासारखेच असते तर मॉडेलला दोन्हींत फरक कळलाच नसता ना? मग ही पळवाटच बंद.

निशा_स्टुटगार्ट

तत्त्वतः हो. पण माणसाला न कळणारा फरकही मॉडेलला कळतो, नॉइजचा पोत, कॉम्प्रेशनचे चौकोन, कडांचा तीक्ष्णपणा. तो पूर्ण मिटवण्यापेक्षा निरुपयोगी करणं स्वस्त पडतं. सिम्युलेटरचे ४० टक्के फोटो बिनट्रॉलीचे ठेवायचे, आणि त्यात ट्रॉलीची भावंडं हवीत : मालट्रक, कडब्याची गाडी, झाडं, पुलाचे कठडे. यावर आमच्याच टीममध्ये एकमत नाहीये, काहीजण तुमच्यासारखंच म्हणतात.

बापू_शिरोळ

पोरांनो, समदं नीट वाचलं, निम्मं कळलं. पण त्यो स्वप्निलनं सुरवातीला टाकलेला कंप्युटरचा फोटो बघितला आन् हसू आलं. आसा ऊस कुठं भरत्यात काय? खोक्यात काडेपेटीच्या काड्या लावल्यागत.

खरी ट्रॉली ऐका. मोळ्या दोन्ही अंगाला बाहेर आलेल्या असत्यात, ट्रॉलीचा पत्रा मागनं दिसत बी न्हाई. भार एका अंगाला कललेला, खड्ड्यातनं आली की आणखी कलतो. मागनं वाढं लोंबत असतंय, कधी बैलाच्या वैरणीचा भारा वर बांधलेला. पाचट उडत असतंय. रेडियम कारखाना लावतो हंगामाच्या तोंडाला, पर पंधरा दिसात चिखलानं आन् धुरळ्यानं झाकून जातंय, न्हाईतर लोंबत्या वाढ्याखाली जातंय. आन् बैलगाडी आता टायरची, तिला रेडियम बी न्हाई, टायरच्या वर सगळा ऊसच. सोलापूर-बीडकडं ट्रॅक्टरला छोटा गाडा जोडत्यात, अंगद म्हणत्यात त्याला, काय लोक जुगाड म्हणत्यात. त्यो तर तुमच्या यादीतच न्हाई.

घाटमाथा_स्वप्निल

बापू, हे मला कुठल्याही पेपरात मिळालं नसतं. माझ्या ब्लेंडरमधल्या ट्रॉलीच्या मागच्या पत्र्यावर छान लाल रेडियम आहे, स्वच्छ. ओळखणारं मॉडेल बहुतेक तेच शोधत बसलंय.

निशा_स्टुटगार्ट

बापूंनी सांगितलं ते सगळं आकड्यांत उतरवा. भार किती अंश कलला, मोळ्या दोन्हीकडे किती बाहेर, वाढं किती लोंबतंय, पाचट आहे की नाही, हे प्रत्येक फोटोला वेगळं यायला हवं. तुमच्या ६००० फोटोंत ट्रॉली एकच आहे, फक्त जागा बदललीय.

आणि रेडियम. ते तुमच्या सिम्युलेटरमध्ये खऱ्यासारखं चमकतच नाही. खरं रेडियम आलेला झोत आला तिकडेच परत फेकतं, म्हणून दिव्याजवळ बसलेल्या डोळ्याला ते बाकी सगळ्यापेक्षा कितीतरी उजळ दिसतं. गेम इंजिनाच्या साध्या मटेरियलमध्ये हा गुण नसतो, तिथे ते नुसतं लाल रंगाचं प्लास्टिक. मी मटेरियललाच स्वतःचा उजेड देते आणि तो आपल्या गाडीच्या अंतरावर व कोनावर कमी-जास्त करते. भौतिकशास्त्राने चोख नाही, पण काम भागतं. निम्म्या ट्रॉल्यांना रेडियम ठेवूच नका, उरलेल्यांतल्या बऱ्याचशांना चिखल लावा.

मधुरा_के

पण सगळ्या ट्रॉल्यांना दिवे लावणं सोपं नाही का, कॅमेरे शिकवण्यापेक्षा?

बापू_शिरोळ

लावायला पायजेतच ताई. आमच्याकडं दरवर्सी लावत्यात, दरवर्सी तुटत्यात. दोन्ही करायला पायजे.

घाटमाथा_स्वप्निल

आता मूळ प्रश्नावर येऊ का? प्रमाण?

निशा_स्टुटगार्ट

आता येऊ. मी ढिगाऱ्यांचं प्रमाण ठरवत नाही, मॉडेलला एका वेळी दाखवायच्या प्रत्येक बॅचचं ठरवते. १६ फोटोंच्या बॅचमध्ये ४ सिम्युलेटरचे, १२ खरे, आणि त्या १२ मध्ये एक तरी खरा ट्रॉलीवाला, म्हणजे तेच थोडे खरे फोटो पुन्हा पुन्हा येतात. मग ४ चे ८ करून बघायचं, २ करून बघायचं. जादूचा आकडा नाही. शेवटी नुसत्या खऱ्यांवर थोडं शिकवतात लोक, पण तुमच्याकडे इतके कमी आहेत की मॉडेल तेच पाठ करेल, जपून.

पण कुठलंही प्रमाण चांगलं की वाईट हे ठरवणार कशावर? ते ४३ फोटो किती *वेगळ्या* ट्रॉल्यांचे आहेत?

घाटमाथा_स्वप्निल

मोजले. ९ ट्रॉल्या. बाकी एकाच व्हिडिओतल्या पुढच्या-मागच्या फ्रेम.

निशा_स्टुटगार्ट

मग तुमच्याकडे ४३ नाही, ९ आहेत. ५ शिकवायला आणि ४ तपासायला ठेवल्या तर एक ट्रॉली इकडची तिकडे झाली की निकाल २५ टक्क्यांनी हलतो. फ्रेमवर वाटणी केलीत तर एकच ट्रॉली दोन्हीकडे येईल आणि आकडा फुगेल. बनवलेले फोटो शिकवायला चालतात, तपासायला नाही. तपासायला खऱ्या, वेगळ्या ट्रॉल्याच पाहिजेत, आधी त्या गोळा करा.

बापू_शिरोळ

म्हंजे शेवटी फोटो लागणारच की! मी पयल्या दिवशीच सांगितलं. जीपला तुमचा कॅमेरा लावून द्या, माझा पुतण्या रोज रात्री कारखान्यावरनं घरी येतोय.

घाटमाथा_स्वप्निल

बापू, सोमवारी कॅमेरा घेऊन येतो.

घाटमाथा_स्वप्निल

(दोन महिन्यांनी)

धागा वर काढतो, सांगायचं राहिलं होतं. बापूंच्या पुतण्याच्या जीपमधून २२ नवीन ट्रॉल्या आणि बैलगाड्या मिळाल्या, एकूण ३१. त्यातल्या १० शिकवायला घेतल्या, २१ ला तपासणीशिवाय हात लावला नाही. यार्डातले फोटोही घेतले पण फक्त ब्लेंडरमधला ऊस नीट करायला.

आधीचं मॉडेल या २१ पैकी ५ ओळखत होतं, अंतर ६० मीटरच्या आत यायच्या आधी ओळखलं तरच मोजलंय. न दिसणाऱ्या ट्रॉल्यांचे बॉक्स काढून टाकले आणि ट्रॉल्या लांब ठेवल्या, एवढ्यानेच काळ्या तुकड्यांवरचे बीप जवळपास गेले, पण सापडणाऱ्या ट्रॉल्या फक्त ८. बिनट्रॉलीचे फोटो आणि बापूंचा कललेला, लोंबता ऊस घातल्यावर १४. त्याच दोन तासांच्या व्हिडिओत खोटे बीप ३७ वरून ५. बॅचमध्ये १६ पैकी ४ ठेवले, ८ केल्यावर खोटे बीप वाढले. २ आणि ४ मध्ये मला फरक सांगता येत नाही, २१ ट्रॉल्यांवर तो दिसणारही नाही.

न सापडलेल्या ७ पैकी ५ बैलगाड्या आहेत, रेडियम नसलेल्या. त्यातल्या तीन मी स्वतः व्हिडिओ थांबवून बघितल्या, ६० मीटरवर फोटोत खरंच काही नाही.

निशा_स्टुटगार्ट

छान काम झालंय. त्या तीन गाड्यांसाठी आणखी फोटो बनवू नका, तिथे उजेडच नाही. थर्मल कॅमेऱ्याला बैल दिसतील, पण मागून पाहिलं तर ते उसाआड असतात, त्यामुळे तेही खात्रीने सांगत नाही. ५ खोट्या बीपांचे तुकडे टाका ना.

ओंकार७१

मी इथे जरा वेगळं सुचवतो, रेंडर केलेल्या फोटोवर खऱ्या कॅमेऱ्याची छटा चढवणारं मॉडेल वापरून बघ, २ आणि ४ मध्ये फरक दिसायला लागेल कदाचित.

निशा_स्टुटगार्ट

करून बघा, पण नंतर बॉक्स तपासा. ती मॉडेलं छटा चढवताना अंधारात स्वतःचंच काहीतरी काढतात, किंवा असलेली बारीक ट्रॉली पुसून टाकतात. २५ पिक्सेलची वस्तू पुसायला वेळ लागत नाही.

घाटमाथा_स्वप्निल

५ पैकी ३ कडब्याच्या गाड्या, १ मालट्रक ताडपत्री सुटलेला, १ कळत नाही. कडब्याच्या गाडीवर बीप वाजला तर मला तो खोटा म्हणवतही नाही, तीही बिनदिव्याचीच होती.

बापू_शिरोळ

ते बीप राहू दे. अंगद कधी घालणार त्यात? पुतण्याला आता पंढरपूरकडं जायचंय.

घाटमाथा_स्वप्निल

ब्लेंडरमध्ये घेतलाय बापू, पण ट्रॅक्टरला तो गाडा मागं कसा जोडतात ते फोटोत नीट दिसत नाहीये. पुतण्याला सांगा, दिवसा, बाजूने, जोडाचा एक फोटो काढून पाठव म्हणावं.